साइटवर माल घ्यायला कोणी नव्हतं, गाडी परतली: ग्राहकाला कळवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांधकामाच्या साइटवर जड माल पाठवणाऱ्यांच्या डिस्पॅच टेबलावर जे बसतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. घरपोच पाकिटाचं काम वेगळं असतं. तिथे दार उघडलं नाही तर पाकीट पिशवीत परत जातं. साइटच्या मालाला गाडी लागते, हमाल लागतात, माल उतरवायला जागा लागते आणि चलानावर सही करणारा माणूस लागतो. यातलं एक जरी नसलं तरी गाडी भरलेलीच परत येते.

खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. ऑर्डर क्रमांक ४४१७. ६० बाय ६० सेंटीमीटरच्या फरशीचे ८० बॉक्स, प्रत्येकात चार फरश्या, आणि फरशी चिकटवायच्या मसाल्याच्या २० किलोच्या १५ गोण्या. एका बॉक्सचं वजन साधारण ३० किलो धरलं तर गाडीत पावणेतीन टनांच्या आसपास माल होतो. ठरलेला स्लॉट मंगळवारी सकाळी १० ते १२.

ड्रायव्हरचा फोन आला, "साइटवर कोणी नाही." लगेच ग्राहकाला मेसेज टाकायचा का?

नाही. आधी ड्रायव्हरला विचारा, "कोणी नाही म्हणजे नेमकं काय?" या दोन शब्दांखाली निदान चार वेगवेगळे प्रकार खपतात.

पहिला प्रकार सरळ आहे. गेटला कुलूप, आत शुकशुकाट. दुसऱ्यात वॉचमन असतो, पण "मला कोणी सांगितलेलं नाही, मी सही करणार नाही" म्हणून तो हात वर करतो. तिसऱ्यात सुपरवायझर हजर असतो, पण गाडी खाली करायला हमाल नसतात आणि ऑर्डरमध्ये उतराई ग्राहकाकडे असते. चौथा प्रकार सगळ्यात फसवा. आत माणसं असतात, काम चालू असतं, पण गाडी एका बाजूला आणि माणसं दुसऱ्या बाजूला, त्यामुळे गाठच पडत नाही.

या चारही वेळी ड्रायव्हर एकच वाक्य बोलतो, कारण त्याच्या दृष्टीने चारही सारखेच आहेत: माल उतरला नाही. तुमच्या दृष्टीने ते सारखे नाहीत. पहिल्या प्रकारात नवी वेळ दिली की काम होतं. दुसऱ्यात वेळ कितीही बदला, वॉचमनला निरोप गेल्याशिवाय उपयोग नाही. तिसऱ्यात हमालांची सोय आधी, वेळ नंतर. चौथ्यात पत्ता किंवा फोन नंबर दुरुस्त करावा लागतो. कारण न विचारता नवा स्लॉट दिला, तर बहुतेक वेळा तीच गाडी त्याच कारणाने दुसऱ्यांदा परत येते, आणि मग ग्राहक तुमचं काही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतो.

म्हणून एक नियम पक्का ठेवा. टेबलावरून स्वतः फोन करून झाल्याशिवाय गाडी गेटवरून हलू द्यायची नाही. गाडी उभी असताना सगळं तपासता येतं. एकदा निघाली की उरतो तो फक्त तोंडी हिशेब.

गाडी किती वेळ थांबवायची?

ऑर्डरच्या अटींमध्ये जेवढं लिहिलंय तेवढं. आपल्या उदाहरणात अर्धा तास धरू. भांडण होतं ते हा अर्धा तास कधीपासून मोजायचा यावर. गाडी स्लॉटच्या आत पोचली तर ती गेटवर उभी राहिल्यापासून मोजा. पण गाडी साडेनऊलाच पोचली आणि दहाच्या ठोक्याला निघून गेली, तर ग्राहकाच्या बाजूने कुठलीच चूक झालेली नाही. लवकर आलेल्या गाडीचं घड्याळ स्लॉट सुरू झाल्यावरच सुरू होतं. अशा वेळी "कोणी उपलब्ध नव्हतं" हा मेसेज पाठवायचाच नाही. गाडी लवकर निघून गेली असं स्पष्ट सांगायचं आणि दुसऱ्या फेरीचा खर्च आपण उचलायचा.

त्या अर्ध्या तासात काय काय नोंदवून घ्यायचं?

पुढे वाद झाला तर जे उपयोगी पडेल तेवढंच. ऑर्डर ४४१७ ची नोंद अशी होती:

१०.४० गाडी पुढच्या गेटवर. गेटला आतून कडी.
१०.४२ साइटच्या नंबरवर फोन. रिंग वाजली, उचलला नाही.
१०.५० तोच नंबर पुन्हा. उचलला नाही.
१०.५५ ग्राहकाचा नंबर. बंद.
१०.५८ ड्रायव्हरचा टेबलाला फोन.
११.०५ टेबलावरून दोन्ही नंबरांवर फोन. उत्तर नाही.
११.१२ टेबलाकडून निघायची परवानगी. गेटचा फोटो काढला.
११.१५ गाडी निघाली.

"फोन लागला नाही" एवढंच लिहू नका. वाजला आणि उचलला नाही, बंद होता, व्यस्त होता, की नंबरच चुकीचा निघाला, यातलं नेमकं काय ते लिहा. चुकीचा नंबर असेल तर दोष ऑर्डर घेणाऱ्याकडे असू शकतो. वाजून न उचललेला फोन ही वेगळी गोष्ट आहे.

फोटोत गेट, त्यावरचा क्रमांक किंवा फलक आणि गाडीचा थोडा भाग एकाच चौकटीत यावा. नुसत्या बंद गेटचा फोटो कुठल्याही साइटचा असू शकतो. कोणाचा चेहरा त्यात येऊ देऊ नका. फोटोसोबत मोबाईलचं लोकेशन असेल तर चांगलंच, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. उंच इमारतींच्या मध्ये ते काही मीटर, कधी बरेच मीटर इकडेतिकडे दाखवतं. गाडी त्या साइटपाशी होती एवढं त्यावरून कळतं, कुठल्या गेटवर होती हे नाही.

मेसेज नेमका कसा लिहायचा?

ऑर्डर ४४१७ साठी गेलेला मेसेज हा:

> नमस्कार. आपल्या ऑर्डर ४४१७ ची (फरशी ८० बॉक्स, मसाला १५ गोण्या) गाडी आज मंगळवारी सकाळी १०.४० ला साइटच्या पुढच्या गेटवर पोचली होती. गेट आतून बंद होतं. साइटच्या आणि आपल्या नंबरवर १०.४२ ते ११.०५ दरम्यान फोन केले, पण संपर्क झाला नाही. त्यामुळे ११.१५ ला गाडी मालासह परत निघाली. माल सुरक्षित आहे आणि आपल्या नावाने वेगळा ठेवत आहोत.
>
> पुन्हा पाठवण्यासाठी या दोन वेळा आपल्यासाठी राखून ठेवल्या आहेत:
> १) बुधवार, सकाळी १० ते १२
> २) गुरुवार, दुपारी २ ते ४
>
> यातली कोणती चालेल ते आज दुपारी ४ पर्यंत कळवावं. दोन्ही सोयीच्या नसतील तर तसं सांगा, पुढच्या वेळा देऊ. सोबत एवढं कळवा: गाडी कुठल्या गेटने यावी, माल कोण घेणार आणि त्यांचा नंबर, आणि गाडी खाली करायला माणसं असतील का.

लांब वाटेल, पण ग्राहक हा मेसेज दोनदा वाचतो. पहिल्यांदा रागात, "माल कुठाय?" एवढंच शोधत. दुसऱ्यांदा ठेकेदाराला पुढे पाठवायच्या आधी. दोन्ही वेळी त्याला हवं ते यात सापडलं पाहिजे.

"आपण साइटवर उपलब्ध नव्हता" असं वाक्य यात नाही, ते बघा. ड्रायव्हरने जे पाहिलं ते लिहिलंय: गेट बंद होतं, फोन उचलला गेला नाही. माणूस आत होता की नव्हता हे ड्रायव्हरला ठाऊक नाही, मग तुम्हाला कुठून असणार? जे डोळ्यांनी दिसलं तेवढं लिहिलं की ग्राहकाला खोडून काढायला काही राहत नाही, आणि नंतर आत माणूस होता असं निघालं तरी तुमचं एकही वाक्य खोटं ठरत नाही.

वारासोबत तारीखही लिहा. इथे ती गाळली आहे, कारण उदाहरणाला तारीख लागत नाही. "उद्या सकाळी" असं मात्र कधीच लिहू नका. मंगळवारी पाठवलेला मेसेज बुधवारी पहाटे उघडला तर "उद्या" म्हणजे गुरुवार होतो, आणि गाडी पुन्हा बंद गेटसमोर उभी राहते.

हेच एसएमएसवर कसं बसवायचं?

बसवू नका. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरखुणा मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त या प्रत्येकाची वेगळी खूण मोजली जाते. लांब मजकुराचे तुकडे होऊन जातात. म्हणून एसएमएस फक्त खबर द्यायला वापरा:

> ऑर्डर ४४१७: आज साइटवर माल घ्यायला कोणी न भेटल्याने गाडी परतली. नवी वेळ ठरवायला फोन करा.

हा दोन तुकड्यांत जातो. तपशील व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर द्या. "कोणी न भेटल्याने" आणि "कोणी नसल्याने" यातला फरक जपा. पहिलं आपल्या बाजूचं निरीक्षण आहे. दुसऱ्यात आरोप आहे.

माफी मागायची का?

आपल्याकडून काही चुकलेलं नसेल तर नको. बंद गेटसाठी माफी मागितली की ग्राहक दुसऱ्या फेरीच्या वाहतूक आकारावर बोट ठेवतो: "तुम्हीच तर चूक कबूल केलीत." कोरडेपणा वाटू नये म्हणून "माल सुरक्षित आहे" हे वाक्य पुरतं. गाडी परत गेली हे वाचून ग्राहकाच्या मनात पहिली शंका मालाचीच येते.

गाडी उशिरा गेली असेल, चुकीच्या नंबरवर फोन झाले असतील किंवा ड्रायव्हर न थांबता निघाला असेल, तर माफी मागा आणि एका वाक्यात कारण द्या. पण मग तो "कोणी भेटलं नाही" चा मेसेजच राहत नाही. तो वेगळा लिहा.

स्लॉट किती द्यायचे? "आपल्याला सोयीची वेळ कळवा" एवढं म्हटलं तर?

तसं म्हटलं की उत्तर येतं, "लवकरात लवकर", किंवा काहीच येत नाही. आणि ग्राहकाने रविवारी रात्री आठची वेळ सांगितली की तुम्हाला नाही म्हणावं लागतं, म्हणजे आधी विचारून नंतर नकार.

दोन स्लॉट द्या, ते वेगवेगळ्या दिवशी आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी. सकाळी जमत नसलेल्या माणसाला दोन सकाळी देऊन काय फायदा? तीनपेक्षा जास्त पर्याय दिले की लोक ठरवणं पुढे ढकलतात, आणि राखून ठेवलेल्या जागा तुमच्या यादीत अडकून पडतात.

हे स्लॉट खरोखर राखलेले असले पाहिजेत. गाड्यांची यादी करणाऱ्याला न विचारता मेसेजमध्ये वेळा टाकणं हा टेबलावरचा नेहमीचा घोटाळा. ग्राहक लगेच "हो" म्हणतो आणि तेव्हा कळतं, बुधवारच्या गाडीत फक्त एक टनाची जागा उरली आहे. पावणेतीन टन त्यात कसे बसवणार?

उत्तरासाठी मुदत द्या, आणि ती बुधवारच्या गाड्यांची यादी बंद होण्याच्या वेळेवरून काढा. यादी मंगळवारी संध्याकाळी ५ ला बंद होत असेल तर ग्राहकाला ४ पर्यंतची मुदत द्या, म्हणजे एक तास तुमच्या हातात राहतो.

स्लॉटची रुंदी दोन तास ठेवली तर सहसा पाळता येते. गाडी त्याआधी दुसऱ्या साइटवर रिकामी व्हायची असते, आणि तिथे हमाल किती पटापट उतरवतील हे तुमच्या हातात नसतं. "बरोबर १० ला" असं लिहून द्यायचा मोह होतो, विशेषतः ग्राहक चिडलेला असताना. देऊ नका. स्लॉट म्हणजे गाडी पोचण्याची वेळ, गाडी रिकामी होण्याची नव्हे, हेही एकदा फोनवर सांगा. ८० बॉक्स आणि १५ गोण्या दोन हमालांनी हाताने उतरवायला बराच वेळ लागतो, आणि "१२ ला सगळं आत असेल" अशा समजुतीत ग्राहकाने हमालांना साडेबाराचं दुसरं काम दिलेलं असू शकतं.

मेसेज कोणाला पाठवायचा? ग्राहकाला, ठेकेदाराला की सुपरवायझरला?

ज्याच्या नावाने ऑर्डर आहे त्याला आधी. मग त्याच मजकुराची प्रत साइटवरच्या माणसाला. उलट क्रमाने पाठवलं तर सुपरवायझर आपल्या पद्धतीने गोष्ट सांगतो आणि तुमचा मेसेज पोचेपर्यंत मालकाचं मत बनलेलं असतं.

नवी वेळ कोण पक्की करू शकतो हे ऑर्डर घेतानाच विचारून ठेवलेलं बरं. सुपरवायझरने बुधवार सांगितला आणि मालकाने गुरुवार, तर मालकाला फोन करा आणि दोघांना एकच अंतिम मेसेज पाठवा. पैशाबद्दलचा मजकूर मात्र फक्त ऑर्डरवाल्या माणसाला जावा, सुपरवायझरच्या फोनवर त्याचं काम नाही.

ग्राहक म्हणतो, "आमचा माणूस सकाळी नऊपासून साइटवर होता. तुमचा ड्रायव्हर खोटं बोलतोय." आता?

४४१७ मध्ये नेमकं हेच झालं. मेसेज गेल्यावर वीस मिनिटांत ग्राहकाचा फोन आला आणि तो संतापलेला होता.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे ग्राहकाला खोटं न पाडणं आणि ड्रायव्हरलाही नाही. दोघंही खरं बोलत असतील असं धरून चाला, कारण साइटवर बऱ्याचदा तसंच असतं. आमच्या टेबलावरून विचारलं गेलं, "तुमचा माणूस साइटवर कुठे होता?" उत्तर आलं, तिसऱ्या मजल्यावर, फरशी कापायचं मशीन चालू होतं तिथे. पुढचा प्रश्न, "माणसं आत-बाहेर कुठून करतात?" मागच्या गल्लीतून. पुढच्या गेटसमोर नाल्यासाठी खोदकाम केलेलं, म्हणून ते गेट आतून कडी घालून बंद ठेवलं होतं. ऑर्डरवर पत्ता पुढच्या रस्त्याचा.

सगळा उलगडा झाला. मशीनच्या आवाजात रिंग ऐकू आली नाही, आणि गाडी जिथे उभी होती तिथे कोणी फिरकतच नव्हतं. ड्रायव्हरने गेट वाजवलंही असेल, पण तिसऱ्या मजल्यावर ते कसं पोचणार?

यानंतर फोटो पाठवावा, आणि तोही पुरावा तोंडावर मारल्यासारखा नको. "हेच ते गेट ना?" असं विचारत पाठवा. ग्राहक स्वतःच म्हणतो, "अहो, ते गेट आम्ही बंदच ठेवलंय." तिथे वाद संपतो आणि खरं काम सुरू होतं.

त्या खऱ्या कामात एक नवा प्रश्न निघाला. मागची गल्ली अरुंद आहे. मोठी गाडी आत जाईल का? रुंदी विचारली, वर लोंबणाऱ्या वायरी आहेत का विचारलं, गाडी वळायला जागा आहे का विचारलं. मोठी गाडी जाणार नाही असं ठरलं. मग छोट्या टेम्पोच्या दोन फेऱ्या, एकात फरशीचे ५० बॉक्स, दुसऱ्यात उरलेले ३० आणि गोण्या. टेम्पो बुधवारी मिळत नव्हता, म्हणून ग्राहकाने गुरुवार घेतला. बुधवारचा स्लॉट लगेच मोकळा केला, नाहीतर ती जागा वाया गेली असती.

पक्का झाल्यावर पाठवायचा मेसेज छोटा असतो:

> ऑर्डर ४४१७ साठी गुरुवार दुपारी २ ते ४ ही वेळ पक्की. गाडी मागच्या गल्लीतून येईल, छोट्या टेम्पोच्या दोन फेऱ्या. माल आपले सुपरवायझर घेतील, त्यांचा आपण दिलेला नवा नंबर नोंदवला आहे. निघताना त्यांना फोन करू. गाडी खाली करायला दोन माणसं ठेवावीत.

दुसऱ्या फेरीचा आकार लागणार असेल तर तो कधी सांगायचा?

स्लॉट पक्का व्हायच्या आधी. बिलात अचानक दिसलेली रक्कम सगळ्यात जास्त भांडणं लावते. पण पहिल्या मेसेजच्या पहिल्या ओळीतही ती नको, कारण तेव्हा ग्राहकाला माल कुठे आहे हे जाणून घ्यायचं असतं.

स्लॉटच्या पर्यायांनंतर एक ओळ टाका: "ऑर्डरच्या अटींनुसार दुसऱ्या फेरीचा वाहतूक आकार लागू होतो, रक्कम अशी." ऑर्डरच्या अटींमध्ये तो नसेल तर तो आज नव्याने काढता येत नाही. आणि कारण अर्धवट दोन्हीकडचं असेल, जसं ४४१७ मध्ये पत्ता ग्राहकाने दिला पण गेट कुठलं हे आपण ऑर्डर घेताना विचारलं नाही, तर आकार माफ करायचा की नाही हे टेबलावरच्या माणसाने फोनवर ठरवू नये. "विचारून तासाभरात कळवतो" म्हणा आणि खरोखर तासाभरात कळवा. माझं मत विचाराल तर अशा वेळी निम्मा आकार घेण्यापेक्षा पूर्ण माफ केलेला बरा. निम्म्यावर ग्राहकही नाराज राहतो आणि हिशेबवालाही.

ग्राहक म्हणतो, "गेटवर उतरवून जा, आम्ही नंतर आत घेऊ." चालेल का?

लेखी मिळालं तर विचार करा, आणि तेही गाडी निघायच्या आधी. चलानावर सही नसलेला माल उतरला की त्यानंतरची प्रत्येक फुटलेली फरशी तुमच्या नावावर येते. मसाल्याच्या गोण्या तर उघड्यावर ठेवूच नयेत. त्यांना ओल लागली की आत गाठी होतात आणि मग त्या वापरता येत नाहीत. शेजारच्या दुकानात किंवा समोरच्या साइटवर ठेवून जाणं याला साफ नकार द्या.

वॉचमनने माल घ्यावा असं ग्राहकाला वाटत असेल तर त्याने तसा मेसेज पाठवावा, वॉचमनलाही सांगावं. वॉचमनची सही तेवढ्यानेच ग्राह्य होते.

परत आलेल्या मालाचं गोडाऊनमध्ये काय करायचं?

मेसेजमध्ये "आपल्या नावाने वेगळा ठेवत आहोत" असं लिहिलंत, तर ते खरं करा. फरशीच्या बाबतीत ही फक्त सोय नाही. प्रत्येक बॉक्सवर शेडचा किंवा लॉटचा क्रमांक असतो. त्याच डिझाइनची फरशी दुसऱ्या लॉटमधली असेल तर रंगाची छटा किंचित वेगळी येऊ शकते. हातात दोन फरश्या धरल्या तर लक्षातही येत नाही, पण जमिनीवर शेजारी लागल्या की पट्टा दिसतो. परतलेले ८० बॉक्स ढिगात मिसळले आणि त्यातले २० दुसऱ्या ऑर्डरला गेले, तर गुरुवारी ग्राहकाला मिश्र लॉट मिळतो. तो तक्रार करतो तोपर्यंत अर्धी खोली लागून झालेली असते.

म्हणून परतीचा माल उतरवताना लॉट क्रमांक चलानाशी ताडून पाहा, बॉक्सचे कोपरे तपासा, आणि ऑर्डर क्रमांकाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवा. एक जास्तीची चढ-उतार म्हणजे फुटण्याची एक जास्तीची संधी. एखादा बॉक्स फुटला असेल तर तो बदलून त्याच लॉटचा घ्या. त्या लॉटचा शिल्लक नसेल तर ग्राहकाला गुरुवारच्या आधी सांगा.

ग्राहकाचं उत्तरच आलं नाही तर?

मुदत संपली की राखलेला स्लॉट सोडा आणि सोडल्याचं कळवा. "आपलं उत्तर न मिळाल्याने बुधवारची वेळ सोडत आहोत, गुरुवार दुपार अजून आपल्यासाठी आहे." न सांगता सोडलेल्या स्लॉटवर ग्राहक बुधवारी दहाला हमाल घेऊन उभा असतो, आणि त्याचं म्हणणं असतं की मेसेजमध्ये "राखून ठेवल्या आहेत" असं लिहिलं होतं. त्याचं चूक नसतं.

मूक ग्राहकाला आपणहून पहिला स्लॉट लावून गाडी पाठवणं हा जुगार आहे.

दुसऱ्यांदा गाडी पाठवताना काय वेगळं करायचं?

आदल्या संध्याकाळी माल घेणाऱ्याला फोन. मेसेज नाही, फोन. त्याला वेळ, गेट आणि हमाल या तीन गोष्टी विचारा आणि त्याच्या तोंडून ऐका. "हो हो, सगळं आहे" यावर समाधान मानू नका. "हमाल कोण आणणार आहे?" असं विचारलं की बरेचदा गप्प होतात, आणि तेव्हाच कळतं की अजून कोणी सांगितलेलंच नाही.

गाडी आधीच्या साइटवरून निघाली की दुसरा फोन. तो उचलला गेला नाही तर गाडी पुढे न्यायची की आधी दुसऱ्या साइटचा माल द्यायचा हे ड्रायव्हरला टेबलावरून सांगा. स्लॉट दोन तासांचा असण्याचा फायदा इथे होतो, गाडी क्रम बदलूनही वेळेत पोचू शकते.

आणि दुसऱ्यांदाही कोणी भेटलं नाही तर?

मेसेज तोच, पण स्लॉट देऊ नका. आधी ऑर्डरवाल्या माणसाशी बोलणं झालं पाहिजे, मग वेळ. तिसरी फेरी मोबदला आधी घेऊन करायची की ग्राहकाने स्वतःची गाडी पाठवून गोडाऊनमधून माल न्यायचा, हे दोन पर्याय समोर ठेवा. माल किती दिवस वेगळा ठेवता येईल त्याची तारीख लेखी द्या. ती तारीख उलटली तर लॉट मोकळा केला जाईल आणि त्यानंतर त्याच शेडची हमी राहणार नाही, हेही त्याच मेसेजमध्ये लिहा.